विसार

मी नवरीचा मेकअप करते. माझ्या पहिल्या जाहिरातीखाली मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. "कोकणातल्या नवरीसाठी खास ब्रायडल पॅकेज. दरासाठी मेसेज करा." पुढे तीन लाल बदाम. फोटो चांगला आला होता, त्यामुळे कॅप्शनकडे कोण बघतंय असं वाटलं. मग मेसेज यायला लागले आणि प्रत्येकात एकच शब्द असायचा, "रेट?" रात्री अकरा वाजता, जेवताना, दुसऱ्या नवरीच्या पापण्या चिकटवत असताना. मी प्रत्येकीला उत्तर देत बसायचे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायचे.

ते उघडं पडलं एका हळदीत. दोन मावसबहिणी, लग्नं एकाच महिन्यात, दोघींनी मलाच सांगितलेलं. एकीला मी ११,००० बोलले होते आणि दुसरीला १४,०००. काम तेच, साडी नऊवारीच, गावं चार किलोमीटरवर. दुसरीच्या आईने हातातलं हळदीचं ताट खाली ठेवलं आणि मांडवात सगळ्यांदेखत विचारलं, "आमच्याकडनं तीन हजार जास्त कसले गो घेतलेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. पहिलीचा फोन आला तेव्हा मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि दुसरी ठाण्याहून बोलत होती, मधेमधे इंग्रजीत. एवढ्यावर मी तीन हजार चढवले होते. त्या रात्री घरी आल्यावर ते तीन हजार परत केले आणि कॅप्शन पुन्हा लिहायला घेतलं. आज ते आहे तसं व्हायला सहा हंगाम लागले. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुणाशी तरी झालेली कुरबूर आहे.

आकडा लिहायचा ठरल्यावर आधी तो काढावा लागला. तोवर मी चिपळूणला काय घेतात, रत्नागिरीत काय घेतात हे बघून त्याच्या थोडं खाली बोलत होते. आमच्या बाबांचा मांडवाचा धंदा. गुहागर तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या कनातीखाली झाली असतील. त्यांनी विचारलं, "एका नवरीला तुझे दिवस किती जातात?" मी म्हटलं, एक. ते हसले. मांडवाचे ते तीन दिवस धरतात, घालायचा एक, लग्नाचा एक आणि सोडायचा एक, आणि भाडं त्या तीन दिवसांचं असतं. "खांब मोजू नको, दिवस मोज."

तसे मोजले तर एका नवरीमागे माझे दोन दिवस जातात. ट्रायलचा अर्धा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सामान काढणं, ब्रश धुऊन वाळवणं आणि लांबचं गाव असेल तर तिथे मुक्कामाला जाणं, हा दुसरा अर्धा. आणि लग्नाचा पूर्ण. हातातून उडून जाणारं सामान, म्हणजे बेस, पावडर, पापण्या, गोंद, पिना, जाळी, स्प्रे, साधारण २,००० चं होतं. मदतीला येणाऱ्या पोरीला १,५०० देते. १४,००० मधून हे गेल्यावर साडेदहा हजार उरतात, दोन दिवसांचे. ऐकायला बरे वाटतात. पण उघडलेला मस्कारा तीन-चार महिन्यांत टाकावा लागतो, मग तो दहा नवऱ्यांना लागो की दोघींना. आणि आमचा हंगाम म्हणजे वर्ष नव्हे. आषाढी एकादशीला देव झोपले की कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाही. तुळशीचं लग्न लागल्यावर माणसांची सुरू होतात, पण खरी गर्दी एप्रिल-मे मध्ये, शाळांना सुट्टी लागून चाकरमानी गावाला आले की. त्यातही अधिक महिना आडवा येतो. २०२६ ला १७ मे पासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. म्हणजे मे महिना अर्ध्यातच कापला आणि त्यातली लग्नं आधीच्या चार-पाच आठवड्यांत कोंबली गेली. तारखा कमी आणि त्याच तारखा सगळ्यांना हव्या. हे ध्यानात ठेवा, विसाराचा, म्हणजे तारीख धरायला आगाऊ घेतलेल्या पैशांचा, सगळा वाद इथूनच निघतो.

दरात काय येतं हेही लिहावं लागलं, कारण "मेकअप" म्हणजे काय यावर प्रत्येक घराचं वेगळं मत असतं. माझ्या मते त्यात चेहरा, डोळे, पापण्या, खोपा किंवा अंबाडा, नऊवारी नेसवणं आणि नथ-मुंडावळ्यांपर्यंत सगळं लावून देणं आलं. एका सासूबाईंच्या मते त्यात करवली, दोन जावा आणि "पोरीला जरा लिपस्टिक" एवढंही आलं होतं. त्या सकाळी मी सात जणींना रंगवलं आणि मुहूर्ताला आठ मिनिटं उरलेली असताना नवरीच्या निऱ्या खोचत होते. तेव्हापासून कॅप्शनमध्ये आहे, इतर कुणाचाही मेकअप माणशी २,००० आणि जास्तीत जास्त चौघी. गजऱ्याची फुलं मुलीच्या घरची. यावर भांडण नाही, पण आबोली हवी की मोगरा हे नवरीने आधी सांगावं, कारण आबोलीला वास नसला तरी ती दुपारपर्यंत टिकते. मोगरा मे महिन्यात दहा वाजेपर्यंत तपकिरी पडतो आणि फोटो तर बाराला निघतात.

एअरब्रश करत नाही, हेही लिहून टाकलं आहे. विचारणा रोज होते. एअरब्रशमध्ये छोट्या कॉम्प्रेसरवर बंदूक चालवून पातळ बेसचा फवारा मारतात. थर फार सुंदर बसतो, हे मी नाकारणार नाही. पण त्याला वीज लागते, आणि मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की आमच्याकडे पहिली जाते ती वीज. हे एक. दुसरं, पाठवणीला नवरी रडते. हाताने लावलेल्या बेसवर अश्रूची रेघ उठली तर स्पंजाने दाबून मिटवता येते. फवाऱ्याच्या बेसवर उठलेली रेघ दुरुस्त करायला गेलं की कडा दिसतात आणि डाग वाढतो. म्हणून मी एचडी करते. एचडी म्हणजे काही यंत्र नव्हे, कॅमेऱ्याला थर दिसू नये इतका बारीक बेस आणि बारीक पावडर, एवढंच. हे सांगितल्यावर काही जणींचा चेहरा पडतो, त्याला इलाज नाही.

आता ट्रायल. यावर मी सगळ्यांत जास्त शिव्या खाल्ल्या आहेत.

सुरुवातीला ट्रायल फुकट होती. चहा फुकट असतो तशी. एक मुलगी आली, दोन तास बसली, खूप आवडलं म्हणाली, आणि जाताना मदतनीस पोरीला विचारलं, "इथनं वेळणेश्वरला किती वेळ लागतो?" संध्याकाळी स्टेटसवर तिचे फोटो आले. समुद्र, नारळी, होणारा नवरा आणि माझा मेकअप. लग्नाआधीचं फोटोशूट तिने ट्रायलवर उरकलं होतं. लग्नाला मला बोलावलंच नाही. तेव्हा दुखलं, आता हसू येतं. तेव्हापासून ट्रायलचे २,००० आधी घेते आणि तारीख पक्की झाली तर ते एकूण रकमेतून वजा करते. ट्रायलला चेहरा अर्धा-अर्धा करते. उजवी बाजू एका पद्धतीने, डावी दुसऱ्या, आणि केस फक्त वळवून दाखवते. फोटोशूटला तसं कुणी जात नाही.

पण अर्ध्या चेहऱ्याचं खरं कारण चोरी नव्हे. दोन्ही बाजू एकाच अंगावर, एकाच हवेत असतात, त्यामुळे कुठली टिकते ते कळतं. आमच्याकडे मेकअपचं भांडण रंगाशी नाही, हवेशी आहे. पुण्याच्या कोरड्या उन्हात बसलेला बेस इथे खाडीकाठी तासाभरात नाकाच्या कडेला गोळा होतो. म्हणून ट्रायल झाली की मी मुलीला तोंड धुऊ देत नाही. घरी जा, स्वयंपाकघरात उभी राहा, भाकऱ्या भाज, आणि दोन-दोन तासांनी खिडकीपाशी फोटो काढून पाठव. असे तीन फोटो येतात, सहा तासांचे. पहिल्या फोटोत बेस काळवंडला का ते दिसतं, कारण काही बेस हवा लागल्यावर तासाभरात एक छटा गडद होतात. तसं झालं तर लग्नाला एक छटा उजळ घ्यायचा. दुसऱ्यात नाक, वरचा ओठ आणि कपाळाची केसांजवळची कड बघते, घाम पहिला तिथे फुटतो. तिसऱ्यात डोळ्यांखालच्या रेषा. तिथे पावडर भरून पांढरी रेघ झाली असेल तर चूक माझी आहे, पावडर जास्त झाली.

ट्रायलला नथ आणायची, असंही लिहिलेलं आहे. लोकांना वाटतं माझी हौस. नाक टोचलेलं नसेल तर नथ दाबून बसवावी लागते. ती घसरते, नवरी ती दर पाच मिनिटांनी वर सरकवते, आणि प्रत्येक वेळी नाकपुडीवरचा बेस बोटाला लागून जातो. मंगलाष्टकांच्या फोटोंत तिथे लाल चट्टा दिसतो. नथ आधी घालून बघितली तर तार किती दाबायची ते कळतं आणि तेवढ्या जागी बेस अगदी पातळ ठेवता येतो. फ्लॅशचं तसंच. ट्रायलला अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून एक फोटो काढतेच. सनस्क्रीनमधल्या झिंकमुळे किंवा काही पांढऱ्या पावडरींमुळे चेहरा फ्लॅशमध्ये राख फासल्यासारखा येतो, साध्या डोळ्यांना काही कळत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये कळलं तर काय उपयोग?

आणि गोंद. खोट्या पापण्यांच्या गोंदात बऱ्याचदा लॅटेक्स असतो, आणि तो काहींना सोसत नाही. म्हणून ट्रायलच्या दोन दिवस आधी येऊन कानामागे ठिपका लावून जायला सांगते. गावातली मुलगी येते, मुंबईची कंटाळा करते. एकीने केला. ट्रायलच्या रात्री तिच्या पापण्या पुरणपोळीसारख्या फुगल्या. लग्नाला तीन आठवडे होते म्हणून निभावलं.

तीन आठवडे हा आकडा तिथूनच आला. ट्रायल लग्नाच्या तीन ते चार आठवडे आधी, त्याच्या फार आधी नाही. डोंबिवलीची एक मुलगी नाताळच्या सुट्टीत गावी आली तेव्हाच ट्रायल करून गेली, लग्न मे मध्ये. मी हो म्हटलं, मलाही पैसे हवे होते. मे मध्ये ती आली ती चार दिवस आंब्याच्या बागेत भटकून एक छटा सावळी होऊन, वर आदल्या दिवशी भरघोस हळद. ट्रायलचा बेस तिच्या मानेवर मुखवट्यासारखा दिसायला लागला. तिथेच दोन बेस मिसळून घेतले. हळदीचा पिवळेपणा मारायला खाली जांभळट प्राइमरचा हात फिरवला, पण केसांच्या कडेला हळद उरलीच. तेव्हापासून सांगते, हळदीच्या आधी चेहऱ्याला नारळाचं तेल चोळा, हळद तोंडाला बोटभर, बाकी हातापायांना किती हवी तेवढी. आज्या रागावतात. त्यांना म्हणते, आजी, शास्त्राला बोट पुरतं.

ट्रायलला आई बरोबर असली की एक वाक्य ठरलेलं. "जरा दोन शेड उजळ कर गो." आधी मी करायची. मग मुलगी अंतरपाटामागे उभी राहते, अक्षता पडतात, हार घालायला हात वर जातो, आणि फोटोत चेहरा एकीचा आणि हात दुसरीचा. आता हनुवटीच्या कडेला तीन छटांच्या रेघा ओढते, आईला अंगणात नेते आणि विचारते, यातली कुठली दिसत नाहीये? जी दिसत नाही ती तिची. बहुतेक आया ऐकतात. ज्या ऐकत नाहीत त्यांचे ट्रायलचे पैसे परत करून मी थांबते. तशी ओळ कॅप्शनमध्ये आहे आणि तिच्यामुळे कामं गेली आहेत.

विसार शब्द बाबांचा. जमिनीच्या व्यवहारात विसारपावती असते, बागायतदार आंब्यावर उचल घेतो, नमनाच्या मंडळाला सुपारी देतात. सगळीकडे अर्थ एकच, आता हा दुसऱ्याकडे जाणार नाही. बाबा कुणाच्याही तोंडी शब्दावर खांब रोवत नसत. मी मात्र पहिली दोन वर्षं "ताई, तारीख धरून ठेवा हं" यावर तारखा धरून ठेवल्या. एका मे मध्ये तोंडी धरलेल्या तारखेसाठी तिघींना नाही म्हटलं आणि चार दिवस आधी कळलं की त्यांनी चिपळूणची ठरवली. कळवायचं राहिलं म्हणाले.

म्हणून ५,०००, आणि ते आल्याशिवाय वहीत नाव पेनाने लिहीत नाही, पेन्सिलीने लिहिते. पेन्सिलीचं नाव तीन दिवस राहतं. पैसे तारखेचे आहेत, मेकअपचे नाहीत, हे शब्द मी मुद्दाम तसेच ठेवले. लोक विचारतात, "तुमचं सामान तर लागलं नाही, मग पैसे का ठेवता?" सामान लागलं नाही हे खरं. तारीख लागली. ती दुसऱ्या कुणाला विकता आली असती, आता येणार नाही. याच कारणाने दीड महिना आधी कुणी मोडलं आणि त्या तारखेला मला दुसरी नवरी मिळाली, तर मी ५,००० परत करते. तारीख वाया गेली नाही, मग ठेवायचे कशाचे? ओळखीच्या वकिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, १८७२ च्या करार कायद्यातही साधारण हेच आहे, नुकसानीला धरून वाजवी तेवढंच मागता येतं, मनाला येईल तेवढं नाही. मला कायदा ठाऊक नव्हता, बाबांचा मांडव ठाऊक होता.

विसार पाठवताना नोंदीत लग्नाची तारीख लिहायला सांगते. पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही की हे पाच हजार कुठल्या दिवसाचे होते. आणि पैसे पाठवल्याचा नुसता फोटो आला तर धरत नाही, बँकेचा मेसेज आला की धरते. एकदा आलेला फोटो कुणाच्या तरी जुन्या व्यवहाराचा निघाला, वर फक्त रक्कम जुळत होती.

उरलेले पैसे लग्नाच्या दोन दिवस आधी. हे लिहिताना मला फार संकोच वाटला, विश्वास नाही असं दिसतं म्हणून. पण लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाकडे पैसे मागायचे कुठल्या क्षणी? पहाटे तो पुण्याहवाचनाला बसलेला असतो, दुपारी पंगतीत वाढत असतो आणि संध्याकाळी रडत असतो. मी एका घरी गणपतीपर्यंत हेलपाटे घातले. शेवटी त्यांनी नारळ आणि निम्मे पैसे दिले.

प्रवासाची ओळ शेवटची आली. गुहागरपासून वीस किलोमीटरपर्यंत वेगळे पैसे नाहीत. पण खाडीपलीकडचं गाव असेल तर गणित बदलतं. धोपाव्याहून दाभोळला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, वाशिष्ठीची खाडी ओलांडायला थोडकाच वेळ लागतो, रस्त्याने मात्र चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा. जेट्टीची पहिली फेरी उजाडल्यावर. मुहूर्त ९ वाजून १२ मिनिटांचा असेल तर गौरीहराआधी फोटो व्हायला हवेत, म्हणजे नवरी साडेसातला तयार हवी. नऊवारी आणि दागिन्यांना चाळीस मिनिटं, केसांना पन्नास, मेकअपला दीड तास. मागे मोजत गेलं की नवरीने साडेचारला खुर्चीत बसायला हवं. साडेचारला जेट्टी नाही. म्हणून पलीकडच्या गावाला आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जाणं आणि त्याचे वेगळे २,०००.

तर कॅप्शन आता असं आहे. फोनवर पहिल्या दोनच ओळी दिसतात, म्हणून दर वरती घेतला.

"मुहूर्ताचा मेकअप १४,०००. ट्रायल २,०००, तारीख पक्की केल्यास यातून वजा.
यात काय: एचडी मेकअप, पापण्या, केस, नऊवारी, दागिने लावणं. फुलं तुमची. रिसेप्शनसाठी दुसरं रूप हवं असल्यास ६,००० जास्त. घरातल्या इतरांचा माणशी २,०००, चौघींपर्यंत.
ट्रायल लग्नाच्या तीन ते चार आठवडे आधी. नथ आणि ब्लाउज आणा. दोन दिवस आधी कानामागे गोंदाचा ठिपका लावून जा.
तारीख धरायला विसार ५,०००. हे पैसे तारखेचे आहेत. तुम्ही मोडलंत आणि तारीख रिकामी राहिली तर परत नाहीत, भरली तर परत. सुतक किंवा आजारपणामुळे लग्न पुढे गेलं तर विसार नव्या तारखेला धरला जाईल. त्या दिवशी मी मोकळी नसेन तर पूर्ण परत.
मी आजारी पडले तर सगळे पैसे परत आणि तुमच्यासाठी दुसरी बाई शोधणं माझं काम.
उरलेली रक्कम दोन दिवस आधी. खाडीपलीकडे मुक्कामाचे २,०००.
एअरब्रश नाही. दोन शेड उजळ नाही. एका दिवशी एकच नवरी."

आजारपणाची ओळ मी घातली ती स्वतःला डेंगी झाल्यावर. नवरीने काय करायचं हे सगळ्यांच्या कॅप्शनमध्ये असतं, आपण झोपलो तर काय, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

सुतकाच्या ओळीची परीक्षा गेल्या हंगामात झाली. मुलगी कोळथऱ्याची, म्हणजे दाभोळच्या पलीकडची. विसार जानेवारीत आला, ट्रायल वेळेवर झाली, भाकऱ्यांचे तिन्ही फोटो आले. लग्नाच्या सहा दिवस आधी तिची आजी गेली. वडिलांची आई, म्हणजे दहा दिवस सुतक. दुसऱ्या दिवशी मुलीच्या काकांचा फोन. आवाजात रडणं नव्हतं, हिशोब होता. "लग्न पुढं गेलंय. पाच हजार परत पाठवून द्या." त्या तारखेला मी दोघींना नाही म्हटलं होतं आणि सहा दिवसांत ती भरणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, काका, तारीख ठरू दे, पैसे तिथे धरते. ते म्हणाले, तारीख ठरेल तेव्हा ठरेल. फोन ठेवला.

चार दिवसांनी मुलीनेच केला. भटजींनी तेराव्यानंतर दोन दिवसांनीची तारीख काढून दिली होती, नंतर थेट पावसाळा. मी वही उघडली. त्या दिवशी पेनाने नाव होतं. असगोलीची मुलगी, मुहूर्त सकाळी १० वाजून ४ मिनिटांचा. माझ्याच कॅप्शनप्रमाणे मी मोकळी नव्हते, ५,००० परत करायचे आणि विषय संपवायचा. मी पैसे पाठवायला फोन हातात घेतला. मग सहज विचारलं, मुहूर्त किती वाजताचा?

"गोरज," ती म्हणाली.

गोरज म्हणजे दिवस मावळताना, सातच्या आसपास. मी कागदावर मागे मोजलं. सातचा मुहूर्त, साडेपाचला तयार, अडीचला खुर्चीत. असगोलीची नवरी साडेआठला तयार होते, अक्षता पडून लाजाहोमाच्या धुराने डोळे पाणावले की एकदा पुसून द्यायचे असतात, ते बाराला. जेवण न घेता निघालं तर एकची जेट्टी. दुपारी पुन्हा लागणारा हात माझी मदतनीस फिरवील, ती आता तीन हंगाम शिकलेली आहे. पण दोन घरांना न विचारता हे करणं बरोबर नव्हतं. असगोलीच्या मुलीला आधी फोन केला, सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं की तू नाही म्हणालीस तर नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, बारापर्यंत तुम्हीच ना? मग जावा."

त्या दिवशी जेट्टीवर आंब्याच्या पेट्यांचे दोन टेंपो माझ्या पुढे होते आणि माझ्या स्कूटीला शेवटी कडेला जागा मिळाली. मेकअपची पेटी पायांत घट्ट धरून उभी होते. त्यात ओल्या टिश्यूच्या पाकिटात गुंडाळून स्प्रे ठेवला होता, उन्हात डबा तापू नये म्हणून. पलीकडे मुलीचे काकाच गाडी घेऊन आले होते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरापाशी उतरल्यावर खिशातून पाकीट काढलं, त्यात उरलेले सगळे पैसे होते, मुक्कामाचे २,००० धरून. मी म्हटलं, मुक्काम नाही झाला, हे परत घ्या. त्यांनी घेतले, मोजले आणि म्हणाले, "रात्रीची जेट्टी चुकली तर होईलच की."

चुकलीच.

मदतनीस पोरगी दुसऱ्या दिवशी विचारत होती, तायडे, ती "एका दिवशी एकच नवरी" ओळ काढायची का आता? मी अजून काढलेली नाही. गोरज मुहूर्त, मध्ये जेट्टी आणि दोन्ही नवऱ्यांची परवानगी, एवढं सगळं एका ओळीत कसं लिहायचं ते सुचत नाही.